इंद्रायणीच्या डोहातील साक्ष

धर्माच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात चमत्काराचा विषय निघाला म्हणजे पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांच्या सवयीने उदाहरणे बहुधा पॅलेस्टाइनमधून येतात, आणि पुण्याच्या विद्यार्थ्याला ज्या घटनेविषयी घरातल्या आजीपासून कीर्तनकारापर्यंत सर्वांनी काही ना काही सांगितलेले असते, ती देहूची घटना वर्गाच्या दाराबाहेर राहते. वास्तविक चमत्काराच्या प्रश्नातील जेवढ्या म्हणून अवघड गाठी आहेत, साक्षीदाराची विश्वसनीयता, साक्षींचे परस्परांपासून स्वातंत्र्य, कथेची कालांतराने होणारी वाढ आणि घटनेचा अर्थ लावण्याचा अधिकार, त्या सर्व तुकोबांच्या वह्यांच्या या एका कथेत सापडतात. म्हणून पुढील संवाद त्याच कथेभोवती रचला आहे. त्यातील दोघे विद्यार्थी काल्पनिक आहेत. एकाला भाविक म्हटले आहे, दुसऱ्याला चिकित्सक. दोघेही प्रामाणिक आहेत आणि दोघांपैकी कोणालाही मी बुजगावण्यासारखे उभे केलेले नाही.

कथा सर्वश्रुत आहे. पुण्याच्या पूर्वेस असलेल्या वाघोलीच्या रामेश्वरभट्टांनी शूद्राच्या मुखातून वेदार्थ प्रकट होतो या कारणावरून आक्षेप घेतला, आणि त्यांच्या सांगण्यावरून तुकोबांनी आपल्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीच्या डोहात बुडविल्या. मग नदीकाठच्या शिळेवर त्यांनी तेरा दिवस अन्नपाण्यावाचून धरणे धरले, आणि अखेर वह्या जशाच्या तशा परत मिळाल्या. पुढे रामेश्वरभट्ट स्वतः तुकोबांचे शिष्य झाले.

संवादाला आरंभ चिकित्सकानेच केला.

“डेव्हिड ह्यूमने १७४८ साली मांडलेला मुद्दा मला आजही अभेद्य वाटतो,” तो म्हणाला. “निसर्गाचे नियम म्हणजे आपल्या अखंड, एकमुखी अनुभवाची बेरीज. चमत्कार म्हणजे त्या नियमाचा भंग. तेव्हा चमत्काराची वार्ता माझ्या कानी येते तेव्हा मी तराजूच्या एका पारड्यात तो सगळा अनुभव घालतो आणि दुसऱ्या पारड्यात साक्षीदाराचा शब्द. साक्षीदार खोटे बोलतात, चुकतात, ऐकीव गोष्ट पाहिलेली म्हणून सांगतात, हेही अनुभवाचेच आहे. म्हणून साक्ष खोटी असणे हेच त्या घटनेपेक्षा अधिक आश्चर्यकारक ठरल्याशिवाय मी ती मान्य करू शकत नाही. कागद तेरा दिवस पाण्यात राहून कोरडा निघणे अधिक असंभाव्य, की श्रद्धेने भारलेल्या माणसांनी कथा वाढविणे अधिक असंभाव्य? याचा निवाडा करायला मला देहूला जाण्याचीही गरज वाटत नाही.”

“तीच तर अडचण आहे,” भाविक म्हणाला. “ज्या न्यायाधीशाला दस्तऐवज न पाहता निवाडा करता येतो, तो पुराव्यावर निवाडा करीत नाही. आणि तू ज्याला एकमुखी अनुभव म्हणतोस तो एकमुखी आहे हे तुला कसे कळले? कोणी तरी म्हणतो की आम्ही वेगळे पाहिले. त्याची साक्ष तू आधीच बाजूला सारलीस, आणि मग उरलेला अनुभव एकमुखी आहे असे म्हटलेस. ज्याची सिद्धता करायची, तेच तू गृहीत धरलेस. शिवाय ह्यूमनेच त्या हिंदी राजपुत्राची गोष्ट सांगितली आहे, थंडीने पाणी घट्ट होते हे ज्याने मानले नाही. त्याचा अनुभवही एकमुखी होता. आपल्या उष्ण मुलखाबाहेर काय घडते हे त्याला ठाऊक नव्हते, एवढेच.”

येथे मला थांबून सांगितले पाहिजे की भाविकाचा हा आक्षेप खरा असला तरी पुरेसा नाही. राजपुत्राला उत्तरेच्या देशात नेऊन बर्फ दाखविता आला असता. इंद्रायणीच्या डोहात त्या तेरा दिवसांत काय घडले, ते कोणालाही पुन्हा दाखविता येणार नाही. तेव्हा तराजूची उपमा सोडून देऊन हिशेबच मांडणे हिताचे, आणि चिकित्सकाने ते केले नसते तर ती उणीव वाटली असती.

परंतु हिशेबाला प्रथम हात घातला तो भाविकाने. त्याने ह्यूमचा समकालीन रिचर्ड प्राइस याचे वाचन केले होते. बेझचा संभाव्यतेवरील निबंध १७६३ साली प्रसिद्ध करणारा हाच प्राइस, आणि १७६७ साली ह्यूमला त्याने दिलेले उत्तर आजही वर्गात शिकविण्यासारखे आहे.

“दहा लाख तिकिटांची एक सोडत घे,” भाविक म्हणाला. “अमुक एका क्रमांकाला पहिले बक्षीस लागले असे वर्तमानपत्रात छापून येते. आधी विचारशील तर तोच क्रमांक लागण्याची शक्यता दहा लाखांत एक. वर्तमानपत्र शंभरांत एकदा चुकते असे धर. ह्यूमच्या तराजूने पाहिले तर दहा लाखांत एक एवढ्या असंभाव्य गोष्टीपुढे शंभरांत एक चुकणाऱ्याचा शब्द टिकता कामा नये. पण आपण सगळे ती बातमी मानतो, आणि मानतो ते बरोबरच करतो. याचा अर्थ घटना असंभाव्य आहे एवढ्यावरून साक्ष फेटाळता येत नाही.”

“उदाहरण चांगले आहे, पण हिशेब अपुरा आहे,” चिकित्सक म्हणाला. “बातमी खरी असून हा क्रमांक छापला जाण्याची शक्यता दहा लाखांत एक, गुणिले शंभरांत नव्व्याण्णव. बातमी खोटी असून नेमका हाच क्रमांक छापला जाण्याची शक्यता किती? वर्तमानपत्र चुकले, तर ते दहा लाखांपैकी कोणताही क्रमांक छापू शकले असते. म्हणून ती शंभरांत एक, गुणिले सुमारे दहा लाखांत एक. दोन्हींकडचा दहा लाखांचा आकडा उडून जातो आणि खरेखोटेपणाचे प्रमाण नव्व्याण्णवास एक असे राहते. बातमी विश्वसनीय ठरते ती चूक कोणत्याही एका दिशेला ओढली जात नाही म्हणून. आता तीच साक्ष चमत्काराच्या बाबतीत घे. इथे चूक होते तेव्हा ती दहा लाख दिशांना विखुरत नाही. भक्तांना जे हवे असते त्याच एका दिशेला ती जाते. म्हणून खोट्या बाजूला फक्त शंभरांत एक उरतो, त्याला दहा लाखांनी भागणारे काही नाही, आणि खऱ्या बाजूला दहा लाखांत एक तसाच राहतो. प्रमाण सुमारे दहा हजारांस एक असे माझ्या बाजूने झुकते. ह्यूमने जे नुसते सुचविले, ते असे आकड्यांत दिसते. दोष घटनेच्या असंभाव्यतेत जितका आहे त्याहून अधिक, चुकीला मिळणाऱ्या दिशेत आहे.”

भाविक काही क्षण गप्प राहिला. हा मुद्दा त्याने खोडून काढला नाही, आणि माझ्या मते तो खोडून काढता येतही नाही. पण त्याने हिशेब पुढे चालविला.

“मग साक्षीदार एकच का धरतोस? गणकयंत्राच्या कल्पनेमुळे प्रसिद्ध असलेल्या चार्ल्स बॅबेजने १८३७ साली हाच हिशेब केला होता. शंभरांत एकदा चुकणारे तीन साक्षीदार एकमेकांशी काही संबंध नसताना एकच गोष्ट सांगत असतील, तर तिघेही एकदम चुकण्याची शक्यता शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा लाखांत एक होते. तुझी दहा लाखांत एकाची असंभाव्यता तिथे बरोबरीला येते. चौथा साक्षीदार आला की पारडे माझ्याकडे झुकते. आणि देहूच्या बाबतीत मजजवळ तीन नावे आहेत. पहिले तुकोबांचे स्वतःचे. त्यांच्या अभंगांतच वह्यांचे रक्षण झाल्याचा उल्लेख आहे. दुसरे रामेश्वरभट्टांचे. ते तर प्रतिपक्षी. त्यांच्या नावावर असलेली आरती आजही म्हटली जाते, आणि तिच्यात रामाने समुद्रात दगड तारले तसे तुकोबांचे अभंग राखले गेले असे म्हटले आहे. ज्याच्या सांगण्यावरून वह्या बुडाल्या, तोच त्या वाचल्याची ग्वाही देतो. यापेक्षा अधिक प्रतिकूल, आणि म्हणून अधिक मोलाचा साक्षीदार कुठून आणू? तिसरे बहिणाबाईंचे. त्या तुकोबांच्या समकालीन, त्यांच्या शिष्या, आणि आपल्या आत्मपर अभंगांत त्या पाण्यात तेरा दिवस राखलेल्या वह्यांचा उल्लेख करतात. महिपतींचे नाव मी मुद्दामच घेत नाही.”

“महिपतींचे नाव तू घेतले नाहीस हे योग्यच केलेस,” चिकित्सक म्हणाला. “भक्तलीलामृत १७७४ सालचे. तुकोबांच्या प्रयाणानंतर सव्वाशे वर्षांनी लिहिलेली साक्ष ती साक्ष नव्हे, परंपरेची नोंद. पण उरलेल्या तिघांची उलटतपासणी करू दे. बॅबेजच्या हिशेबाचा सगळा भार ‘एकमेकांशी काही संबंध नसताना’ या चार शब्दांवर आहे. बहिणाबाई त्या वेळी कोल्हापुरास होत्या. तुकोबांचे अभंग आणि त्यांची कीर्ती त्यांच्यापर्यंत जयरामस्वामींच्या कीर्तनांतून पोचली. त्यांनी वह्या पाहिल्या नाहीत, ऐकल्या. रामेश्वरभट्टांनी आरती लिहिली ती शिष्य झाल्यावर. प्रतिपक्षी असताना त्यांनी काय म्हटले ते आपल्याजवळ नाही. त्यांचे मन पालटले हे मी मानतो, पण मन पालटायला वह्या कोरड्या निघाव्याच लागतात असे नाही. तुकोबांचे अभंग वाचून मन पालटणारी माणसे आजही आहेत, आणि तू त्यांतला एक आहेस. राहिले स्वतः तुकोबा. त्यांची साक्ष मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तीच तू नीट वाचली नाहीस.”

“कशावरून?”

“त्या अभंगात ते सांगतात की तेरा दिवस आपण डोळे मिटून बसलो होतो. ते शिळेवर होते, डोहाकडे पाहत नव्हते. वह्या पाण्यात होत्या तेव्हा त्यांच्याकडे कोणाची नजर होती? बाहेर कोणी काढल्या? पाण्यातून काढल्या, की कोणी आधीच काढून ठेवलेल्या परत आणून दिल्या? जुन्या काळी वतनाच्या एका कज्ज्यातसुद्धा गोतसभा बसे, साक्षीदारांची नावे महजरात लिहिली जात, त्यांची निशाणी घेतली जाई. इथे डोहाकाठी हजर असलेल्या एकाही माणसाची जबानी नाही. तिघेही एकाच झऱ्याचे पाणी पितात, आणि तो झरा म्हणजे देहूतल्या भक्तांचे कथन. मग तीन साक्षी तीन राहत नाहीत, एकच होते, आणि प्रमाण पुन्हा दहा हजारांस एकावर येते.”

या ठिकाणी संवाद थांबला असता तर तो ह्यूमच्या पक्षाने संपला असे वर्गाला वाटले असते, आणि बहुतेक वर्गांत तो तिथेच संपतो. चिकित्सकाने आपली बाजू भक्कम करण्यासाठी अलीकडची एक घटनाही सांगितली. २१ सप्टेंबर १९९५ रोजी पुण्यासह देशभर गणपतीच्या मूर्ती दूध पितात अशी वार्ता पसरली आणि देवळांपुढे रांगा लागल्या. चमचा सोंडेला लावला की दूध खाली जाताना हजारो माणसांनी डोळ्यांनी पाहिले. पाहण्यात त्यांची चूक नव्हती. पृष्ठताणामुळे दूध दगडाकडे ओढले जात होते आणि पातळ थराच्या रूपाने मूर्तीवरून खाली ओघळत होते. रंगीत दूध वापरल्यावर तो थर स्पष्ट दिसला. “तेव्हा साक्षीदारांची संख्या कितीही असो,” तो म्हणाला, “त्यांनी जे पाहिले आणि त्यावरून जे ताडले, या दोहोंत फरक केलाच पाहिजे.”

“मान्य,” भाविक म्हणाला. “आणि तोच फरक आता देहूला लाव. महिपती आणि त्यांच्यामागून आलेले कीर्तनकार सांगतात की वह्या कोरड्या, तरंगत वर आल्या. तुकोबा काय म्हणतात? त्यांच्या अभंगात एवढेच आहे की कागद पाण्यात राखले गेले आणि लोकापवाद टळला. कोरडे म्हणत नाहीत, तरंगले म्हणत नाहीत. तुझ्या हिशेबातली दहा लाखांत एकाची असंभाव्यता कोरडेपणाची आहे. राखले जाण्याची नव्हे. त्या काळी या मुलखात लिहिण्यासाठी हातकागद वापरीत. जुन्नरला तो बनत असे. चिंध्या आणि जुने दोर कुटून त्याचा लगदा करीत, कागदाला खळ देऊन तो घोटीत, आणि शाई काजळाची, डिंकात खललेली. काजळ म्हणजे निव्वळ कार्बनाची पूड. पाण्याने डिंक सुटतो, अक्षर पसरते, पाने एकमेकांना चिकटतात, पण काजळ पाण्यात विरत नाही. घट्ट बांधलेले दप्तर डोहातून काढून सावकाश सुकविले तर पुष्कळशी अक्षरे वाचता येतील. चिंध्यांच्या कागदाला भीती पाण्याइतकीच बाहेर काढल्यानंतरच्या बुरशीची असते. देहूत भिजकी वही म्हणून एक वही दाखविली जाते. ती खरोखर त्या डोहातली आहे असे मी म्हणत नाही. पण परंपरेने तिला कोरडी न म्हणता भिजकी म्हटले, हे मला बोलके वाटते. तेव्हा तुकोबांच्या शब्दांपुरते पाहिले तर कोणताही निसर्गनियम मोडत नाही, असंभाव्यता दहा लाखांत एकावरून पुष्कळ खाली येते, आणि तेवढ्यासाठी एका प्रामाणिक माणसाची साक्ष पुरते.”

“मग चमत्कार कुठे राहिला?” चिकित्सकाने विचारले.

या प्रश्नापाशी मला एका लोकप्रिय मताचा निकाल लावून पुढे जायचे आहे. वह्या पाण्यातून तरल्या नाहीत, लोकांच्या मुखी असलेल्या अभंगांतून गाथा पुन्हा उभी राहिली, गाथा तरली ती लोकगंगेत, असे अनेक आधुनिक विवेचक सांगतात. अभंग लोकांच्या तोंडी होते यात शंका नाही, आणि संताजी जगनाडे यांच्यासारख्या टाळकऱ्यांनी ते लिहून ठेवले, हेही खरे. तरीही हे स्पष्टीकरण पुराव्यातून निघालेले नाही. पुराव्यात नेमके जे आहे, म्हणजे पाणी, कागद आणि तेरा दिवस, त्या तिन्हींना ते बाजूला सारते. एका कथेच्या जागी आपल्याला अधिक रुचणारी दुसरी कथा ठेवणे ही चिकित्सा नव्हे. या संवादातील चिकित्सकाने त्या मताचा आधार घेतला नाही, हे मला त्याच्या बुद्धीच्या प्रामाणिकपणाचे लक्षण वाटते.

भाविकाने उत्तर दिले ते असे. “नियमभंग हीच चमत्काराची व्याख्या हे मी कुठे मान्य केले? हॉलंड नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९६५ साली एक उदाहरण दिले आहे. रुळांवर एक मूल अडकले आहे, वळणामुळे चालकाला ते दिसत नाही, तरी गाडी मुलापासून थोड्या अंतरावर थांबते. पुढे कळते की चालकाला त्याच क्षणी मूर्च्छा आली, हात सुटला आणि ब्रेक आपोआप लागले. मूर्च्छेचे कारण वैद्य सांगू शकतात. कोणताही नियम मोडलेला नाही. तरी मुलाची आई देवाचे आभार मानते आणि कारण कळल्यावरही ते मागे घेत नाही. तिने कारणमीमांसेत चूक केली असे तू म्हणू शकत नाहीस, कारण तिने कारणमीमांसा केलीच नाही. तिने घटनेचा आपल्या आयुष्याशी असलेला संबंध ओळखला.”

“आईचे आभार मला समजतात,” चिकित्सक म्हणाला. “पण त्याच वळणावर दुसऱ्या दिवशी दुसरे मूल सापडले आणि चालकाला मूर्च्छा आली नाही, तर त्या आईला तू काय सांगशील? चमत्कार नियमभंग असो की योगायोग, तो एकाला निवडतो आणि दुसऱ्याला सोडतो. इंद्रायणीने आजवर काय काय बुडविले आणि परत दिले नाही, याची गाथा कोणी लिहिली नाही. तुझी व्याख्या ह्यूमच्या हिशेबातून सुटते, पण या प्रश्नातून सुटत नाही. उलट ती अधिकच अडकते. नियम मोडणारा देव निदान दुर्मिळपणे हस्तक्षेप करतो असे म्हणता येते. योगायोगांतून बोलणाऱ्या देवाला प्रत्येक योगायोगाचा जाब द्यावा लागतो.”

“होय,” भाविक म्हणाला. “याचे उत्तर मजजवळ नाही. पण तो जाब तुकोबांनी मागितला आहे, हे तुझ्या ध्यानात येते का? ज्या अभंगाला आपण इतका वेळ साक्ष म्हणून वापरले, त्यात विजयाचा सूर नाही. वह्या परत मिळाल्यावर ते म्हणतात की माझ्या हातून मोठा अन्याय घडला, लोकांच्या बोलण्यासाठी मी तुझा अंत पाहिला, तुला शिणविले. माझ्याजवळ आणि पाण्याजवळ अशा दोन्ही ठिकाणी तुला उभे राहावे लागले. ज्याला चमत्कार मिळाला तो माणूस चमत्कार मागितल्याबद्दल क्षमा मागतो. आणि त्याच गाथेत दुसऱ्या ठिकाणी ते सांगतात की लोकांना भुलविण्याचे कपट मजजवळ नाही, उठल्याबसल्या चमत्कार मला दाखविता येत नाहीत. पतंजलीनेही सिद्धींना समाधीतील विघ्नच म्हटले आहे. तेव्हा वह्या वाचल्या म्हणून तुकोबा खरे, असा युक्तिवाद मी करणार नाही, कारण तो तुकोबांनीच नाकारला आहे.”

“पुरता नाकारलेला नाही,” चिकित्सक लगेच म्हणाला, आणि माझ्या मते संवादातील सर्वांत महत्त्वाची हरकत ही आहे. “लोकापवाद टळला असे ते म्हणतात ना? म्हणजे वह्या परत मिळण्याने लोकांपुढे काही तरी सिद्ध झाले, आणि त्याचे त्यांना समाधानही आहे. पश्चात्ताप आहे तो देवाला शिणविल्याचा. वह्यांचे परत येणे पुरावा नव्हे, असे त्यांनी कुठेही म्हटलेले नाही. तू त्यांच्या पश्चात्तापातून आजच्या तत्त्वज्ञाला सोयीची भूमिका काढतो आहेस. ते सतराव्या शतकातले भक्त होते. देवाने आपल्यासाठी प्रत्यक्ष काही केले असे ते अक्षरशः मानीत होते. तू ते अक्षरशः मानीत नाहीस. मग आपल्या दोघांपैकी तुकोबांच्या अधिक जवळ कोण आहे? ते म्हणतात तसे घडले नसावे असे म्हणणारा मी, की ते म्हणतात त्याचा अर्थ वेगळा आहे असे म्हणणारा तू?”

या हरकतीने भाविकाची पंचाईत झाली, आणि ती होणे योग्यच होते. चमत्काराचा नियमभंगाशी असलेला संबंध तोडून श्रद्धा सुरक्षित करण्याचा मार्ग आज सुशिक्षित भाविकांत रूढ आहे, पण त्याची किंमत त्यांच्या सहसा लक्षात येत नाही. ज्या संताच्या शब्दाचा आधार घ्यावयाचा, त्याच्या शब्दातला एक अंश निरुपद्रवी करून घ्यावा लागतो. आपल्या राज्याच्या कायद्यानेही या बाबतीत एक विचारपूर्वक रेषा आखली आहे, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली अमलात आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने चमत्काराचा दावा करून लोकांना फसविणे व लुबाडणे हा गुन्हा ठरविला, पण दिवंगत संतांच्या चमत्कारांचे कथन व प्रचार त्यातून वगळला. कायद्याला एवढे पुरते, कारण त्याचा संबंध हानीशी आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गाला ते पुरत नाही. ज्या कथेपासून कोणाचे नुकसान होत नाही, तिच्याविषयीही ती खरी आहे का, हा प्रश्न विचारावाच लागतो.

भाविकाने बराच वेळ विचार करून म्हटले, “मी अर्थ बदलतो आहे असे तुला वाटते. मग मला तेरा दिवसांतल्या अभंगांकडे जाऊ दे. वह्या परत येण्यापूर्वी, धरण्याच्या अवस्थेत रचलेले म्हणून जे अभंग गाथेत आहेत, त्यांत देवाला दूषणे आहेत, तू दगडासारखा का बसलास असे विचारणे आहे, तेरा दिवस लोटले तरी तू धावत नाहीस अशी तक्रार आहे. त्या क्षणी चमत्कार झालेला नव्हता आणि होईल याची हमीही नव्हती. तरी ज्याच्याशी भांडायचे तो आहे, याविषयी तुकोबांना शंका नाही. माझी श्रद्धा त्या अभंगांवर उभी आहे. परत आलेल्या वह्यांवर ती उभी नाही.”

“आणि चौदाव्या दिवशीही वह्या आल्या नसत्या तर?”

“तर तक्रारीचे आणखी अभंग झाले असते, असे मला वाटते.”

“तुला वाटते. पण ते अभंग आपल्यापर्यंत आले असते का?” चिकित्सक म्हणाला. “त्या तेरा दिवसांची तक्रार आपण आज वाचतो ती शेवट गोड झाला म्हणून जपली गेली. ज्या भक्तांच्या वह्या आल्याच नाहीत, त्यांची तक्रारही त्यांच्याबरोबर बुडाली. म्हणून तुझा हा पुरावादेखील चमत्काराच्या गाळणीतून गाळून आलेला आहे. आणखी एक. हे अभंग त्याच तेरा दिवसांत रचले हे कशावरून? गाथेतला क्रम आणि प्रसंगांची शीर्षके नकलकारांनी आणि संपादकांनी लावली आहेत. एका अभंगात तेरा दिवसांचा उल्लेख आहे, तो सोडला तर बाकीचे धरण्याच्या वेळचे की एरवीच्या विरहातले, हे ठरवायचे कसे?”

“हस्तलिखिते ताडून पाहून,” भाविक म्हणाला. “शंकर पांडुरंग पंडितांची इंदुप्रकाशची प्रत १८६९ ते १८७३ या काळात निघाली, तिला पाठभेद आहेत. संताजी जगनाड्यांच्या वह्यांवरून वि. ल. भाव्यांनी छापलेली प्रत वेगळी आहे. दोन्हींत हे अभंग कुठे येतात, एकत्र येतात की विखुरलेले, शीर्षक कोणत्या प्रतीत आहे आणि कोणत्या प्रतीत नाही, एवढे पाहिले तरी तुझ्या शंकेचा काही भाग निकालात निघेल.”

“आणि तो तुझ्या विरुद्ध निघाला तर?”

“तर धरण्याच्या वेळचे म्हणून मी जे अभंग धरले, त्यांतले काही मला सोडावे लागतील. तेरा दिवसांच्या तक्रारीचा एक तरी राहील, कारण त्याचा काळ त्याच्या आतच लिहिलेला आहे. उद्या ग्रंथालयात दोन्ही प्रती मागवू. पंडितांची प्रत तू वाच, भाव्यांची मी वाचतो.”